गुणपत्रिकेवरचं नाव

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडात कुणी घाबरत नाही, कामाला लागतं. त्या वर्षी आम्हीही लागलो. माझा नवरा वनरक्षक, तो आपल्या बीटवर पाण्यापलीकडे अडकलेला. मी आणि शेजारीण मिळून आधी तांदळाचा ड्रम उचलला, मग तेल, मग डाळ, मग गॅसची टाकी, आणि सगळं शाळेच्या वरच्या मजल्यावर नेऊन टाकलं. पावसाळ्यात रस्ता कधी सुरू होईल ते नदी ठरवते, म्हणून इथे पहिला मान तांदळाचा. माझी कागदांची फाइल मी लोखंडी कपाटाच्या माथ्यावर ठेवली आणि निघाले. मला काळजीच नव्हती, कारण सगळ्या गुणपत्रिका लॅमिनेट केलेल्या होत्या. प्लास्टिकच्या आत बसलेल्या कागदाला पाणी काय करणार?

पाणी ओसरल्यावर कपाट आडवं पडलेलं दिसलं. फाइल गेली होती. मागच्या कुंपणाच्या तारेत एक गुणपत्रिका तेवढी अडकलेली सापडली, तीही कुठल्या परीक्षेची ते कळेना. प्लास्टिक शाबूत होतं आणि आत चिखल. मग डोक्यात प्रकाश पडला. लॅमिनेशन करून आणल्यावर ती फाइलमध्ये बसावी म्हणून मीच पंचिंग मशीनने तिला दोन भोकं पाडली होती. पाणी त्या भोकांतून आत शिरलं होतं आणि शाई घेऊन बाहेर पडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारणीला सांगितलं तर ती एवढी हसली की मलाही हसू आलं.

हसू फार टिकलं नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून माझी निवड होण्याची शक्यता होती. परीक्षा झाली होती, गुण जाहीर झाले होते, कागदपत्र पडताळणीचं पत्र कधीही येणार होतं. पडताळणीला मूळ कागद लागतात. दुसरी जाहिरात निघेपर्यंत माझं वय अटीच्या बाहेर गेलं असतं. ही एकच गाडी होती आणि ती फलाटावर उभी होती. मला ती नोकरी मनापासून हवी होती. लग्नानंतर मी बरंच काही केलं, पण सगळं कंत्राटी, सगळं तात्पुरतं, प्रकल्प संपला की आम्ही संपलो.

भामरागडात तेव्हा मोबाइलला रेंज असून नसल्यासारखी. म्हणून रस्ता सुरू झाल्यावर मी आलापल्लीला सेवा केंद्रात गेले. केंद्र चालवणारी बाई माझ्यापेक्षा तरुण, तोंडाने फटकळ आणि हाताने वेगवान. तिने सांगितलं, आता घाबरायचं कारण नाही, सरकारने मोबाइलमध्ये डिजिटल लॉकर दिलं आहे, बोर्डाच्या गुणपत्रिका त्यात थेट येतात, आणि ती प्रत मूळ कागदासारखीच धरतात. आधार टाका, मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा, झालं.

मी आधार नंबर सांगितला आणि ओटीपीची वाट बघत बसले. तो आला नाही. येणार कसा, आधारला नंबर जोडलेला होता नवऱ्याचा, आणि नवरा होता जंगलात गस्तीवर. आमच्याकडे बहुतेक बायांच्या आधारला नवऱ्याचाच नंबर असतो, कारण आधार काढायचं शिबिर गावात आलं तेव्हा घरात फोनच एक होता. दोनदा ओटीपी गेला, दोनदा कुठल्यातरी सागाच्या झाडाखाली मुदत संपून मेला. पुढच्या खेपेला मी नवऱ्यालाच सोबत घेऊन गेले आणि त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं. तो फोन हातात धरून असा बसला होता जशी काही बिबट्याची वाट बघतो आहे.

त्या दिवशी लॉकर उघडलं. पण गुणपत्रिकेसाठी बैठक क्रमांक लागतो, आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा बैठक क्रमांक कुणाच्या लक्षात असतो? म्हणून गडचांदूरच्या माझ्या शाळेत फोन केला. तिथल्या क्लार्कने निकालाची जुनी नोंदवही काढून दोन दिवसांनी दहावी-बारावीचे दोन्ही क्रमांक कळवले. आम्ही पुन्हा आलापल्लीला. क्रमांक टाकला, वर्ष टाकलं, परीक्षेचा महिना टाकला. चाक फिरलं आणि पाटी आली: आधारवरचं नाव आणि या कागदावरचं नाव जुळत नाही.

केंद्रातल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लग्नात नाव बदललं होतं का जी तुमचं?"

बदललं होतं. आडनाव तर सगळ्यांचंच बदलतं, माझं पहिलं नावही बदललं होतं. सिंदेवाहीकडच्या माझ्या सासरी रीतच होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांना साखर वाटायची. नाव सासूने निवडलेलं. माझ्या माहेरच्या नावाची एक जाऊ घरात आधीच होती, एका चुलीपाशी एकाच नावाच्या दोघी कशा चालतील, एवढाच त्यांचा विचार. मला तेव्हा राग आला नव्हता. बावीस-तेवीसची होते, नवी साडी, नवं घर, नवं नाव, सगळं एकाच दिवशी मिळालं तर माणूस मोजत बसत नाही. आधार, पॅन, बँक, मतदार यादी, सगळं लग्नानंतर झालं, म्हणून सगळं नव्या नावाने झालं. शाळा-कॉलेज मात्र आधी झालं होतं.

गंमत अशी की आयकराचं दार एका टकटकीत उघडलं. काही वर्षं मी एका संस्थेत समुपदेशक होते, मानधनातून कर कापला जायचा. संस्था बंद पडली, अनुभवाचा दाखला पुराने नेला, आणि पडताळणीला अनुभवाचा काहीतरी पुरावा हवा होता. केंद्रातल्या बाईने आयकराच्या पोर्टलवर पॅन टाकून पासवर्ड नवा करून घेतला. पॅन आणि आधार दोन्हींवर सासरचंच नाव, त्यामुळे काही अडलं नाही. छब्बीस ए एस नावाचं कर कपातीचं विवरण निघालं. कोणत्या वर्षी, कोणी, किती मानधन दिलं आणि त्यातून किती कर भरला, हे संस्थेच्या नावासकट त्यात छापलेलं. मी भरलेल्या रिटर्नच्या पावत्याही तिथेच होत्या. एकट्या विवरणाला अनुभवाचा दाखला म्हणत नाहीत, पण जुन्या संचालकांना शोधून त्यांच्याकडून नवं पत्र घेतलं आणि हे कागद त्याला जोडले.

म्हणजे सरकारच्या दोन कपाटांत दोन बाया होत्या. एक परीक्षा पास झालेली, तिने कधी कर भरला नव्हता. दुसरी कर भरणारी, ती शाळेत गेलीच नव्हती. मी सेवा केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि मला त्या पहिलीची आठवण आली. खूप आठवण आली. किती वर्षांत मी ते नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं. आई गेली, मग बाबा गेले, भाऊ नाही. मामाकडचे लोक 'बेटा' म्हणतात. त्या नावाने मला हाक मारणारं माणूस पृथ्वीवर उरलं नव्हतं, आणि हे मला एका संगणकाने सांगावं लागलं.

लॉकरचं दार बंद होतं, पण बोर्डाचं उघडं होतं. दुय्यम गुणपत्रिका मिळते. त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांची शिफारस, फी आणि अर्ज, असा ऐवज घेऊन नागपूरला विभागीय मंडळात जावं लागतं. भामरागडच्या ठाण्यात पुरानंतर असल्या नोंदींची रांगच लागली होती. माझ्या पुढचा माणूस सातबारा वाहून गेल्याचं लिहून देत होता. जमादाराने त्याला सांगितलं, भाऊ, सातबारा ऑनलाइन निघते, शेत वाहून गेलं असन तर सांग. सगळे हसले, तो माणूसही हसला.

शिफारशीसाठी मी गडचांदूरला गेले. शाळेला नवा रंग होता. क्लार्कने जनरल रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या ओळीवर पट्टी धरली. आडनाव, माझं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि पालकाचा व्यवसाय: मजूर, चुनखडी खाण. मला वाटलं होतं मी फक्त सही घेऊन निघेन. पण त्या ओळीपाशी मी अशी थांबले की क्लार्कने विचारलं, काही चुकलं आहे का. काहीच चुकलं नव्हतं. सगळं बरोबर होतं, म्हणूनच पाय निघत नव्हता.

बाबा खाणीतून यायचे तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे असायचे. घरात शिरायच्या आधी ते दारातूनच मला हाक मारायचे, पाण्यासाठी. शेवटचं अक्षर लांबवायचे. पूर्ण चाळीला कळायचं की खाणीची पाळी सुटली. मी कधी एका हाकेत गेले नाही. बसू दे जरा, म्हणायचे, अभ्यास चालू आहे. ती हाक मला परत ऐकायची होती. ती कुठल्या कार्यालयात मिळते, किती फी लागते, हे कुणी सांगितलं असतं तर मी रांगेत उभी राहिले असते.

नागपूरच्या मंडळात अर्ज घेणाऱ्या माणसाने कागद नीट लावून घेतले, मूळ नोंदी तपासून प्रत तयार होईल म्हणाला. पदवीसाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज केला, तो ऑनलाइनच झाला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी मनाची तयारी केली होती, पण गुणपत्रिका त्या मानाने लवकर आल्या. वर 'दुय्यम प्रत' असा शिक्का, खाली माझं माहेरचं पूर्ण नाव. या वेळी मी लॅमिनेशन केलं नाही आणि पंचिंग मशीनच्या जवळपासही गेले नाही.

तेवढ्यात पडताळणीचं पत्र आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: शैक्षणिक कागदांवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव वेगळं असेल तर नावबदलाचं राजपत्र आणा. नुसतं विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालणार नाही, पहिलं नावही वेगळं आहे, असं फोनवरही सांगितलं गेलं. तारीख महिन्याभरावर होती.

पुन्हा आलापल्ली. केंद्रातल्या बाईने राजपत्राचा अर्ज उघडला. सोपा अर्ज आहे, जुनं नाव, नवं नाव, कारण, फोटो, पुरावे. तिने माझं माहेरचं नाव 'जुनं' मध्ये टाकायला घेतलं. तसंच सगळे करतात. जुनं नाव माहेरचं, नवं नाव सासरचं, कारण विवाह. एक कागद निघाला की सगळं जुळतं, आधार नको बदलायला, पॅन नको, बँक नको.

मी म्हणाले, "उलटं टाक."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. जुनं नाव म्हणजे आता आधारवर आहे ते. नवं नाव म्हणजे गुणपत्रिकेवरचं. तिने कीबोर्डवरून हात काढले आणि मला समजावलं, असं केलं तर राजपत्र निघाल्यावर आधार बदलावं लागेल, मग पॅन, मग बँक, मतदार कार्ड, गॅसचं पुस्तक सुद्धा. पडताळणीला दोन्हीकडून चालतं, मग हे झेंगट कशाला. ती अगदी बरोबर बोलत होती. माझ्याकडे तिला पटेल असं एकही कारण नव्हतं. मी एवढंच म्हणाले की मला ते पाहिजे.

नवरा शेजारी बसला होता, ओटीपीसाठी. त्याने सगळं ऐकलं होतं. अर्जावर त्याची सही लागत नव्हती, पण बाईने सवयीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने फोन मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाला, "मंग मी तुले काय म्हणू?"

"जे म्हणून राह्यले तेच म्हणा," मी म्हणाले.

"मंग काऊन बदलवून राह्यली?"

मी गुणपत्रिकेवरच्या नावावर बोट ठेवलं. त्याने ते वाचलं. मग बाईला म्हणाला, टाका जी, ती म्हणते तसं. तो माणूस असाच आहे. भांडायला सुद्धा पुरत नाही.

सासूला मी फोनवर सांगितलं नाही, गावी गेले तेव्हा सांगितलं. धान रोवून झालं होतं, त्या पडवीत बसून सुपारी कातरत होत्या. मला वाटलं रागावतील, त्यांनीच तर ठेवलेलं नाव. त्यांनी अडकित्ता थांबवला आणि म्हणाल्या, "चांगलं नाव होतं ना बाई मी ठेवलेलं." मी म्हणाले, चांगलंच होतं. त्यांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली. मी सहज विचारलं, तुमचं काय होतं आधीचं? त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या जणू मी त्यांच्या पेटीला हात घातला. "मले कोण विचारते आता," म्हणाल्या. सुपारी तोंडात टाकली. बऱ्याच वेळाने, मी भांडी घासायला उठले तेव्हा, मागून त्यांनी ते नाव सांगितलं, एकदाच, हळू. मला त्यांची कधी नव्हे इतकी माया आली.

राजपत्र निघालं. त्याची प्रत घेऊन मी आधार केंद्रात गेले, जुनं ओळखपत्र दाखवलं, अंगठे दिले, आणि या वेळी मोबाइल नंबर माझा स्वतःचा जोडला. काही दिवसांनी नाव बदलल्याचा मेसेज आला. त्याच संध्याकाळी घराबाहेर रेंज शोधत उभं राहून मी लॉकर उघडलं, बैठक क्रमांक टाकला, आणि दहावीची गुणपत्रिका आली. मग बारावीची. आता पॅनवाल्या पोर्टलला मी परकी झाले होते, तिथे दुरुस्तीचा अर्ज टाकला. एकीला दार उघडलं की दुसरीला बंद, असं काही दिवस चाललं. मी मात्र खुशीत होते. रोज एकदा तरी लॉकर उघडून ते नाव वाचायचे. मोठ्याने नाही वाचलं. स्वतःच स्वतःला हाक मारणं बरं दिसत नाही.

पडताळणीच्या दिवशी नवऱ्याने रजा काढली. आम्ही आदल्या दिवशीच निघून पोचलो होतो. कार्यालयाच्या हॉलमध्ये बायका फाइली मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यात मी, माझी फाइल सगळ्यांत नवी. पुरुषांना आणि नातेवाइकांना बाहेर फाटकापाशी थांबवलं होतं. एक कर्मचारी बाई टेबलापाशी उभी राहून यादीतून नावं पुकारत होती. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, दहावीच्या कागदावर असतील तशी. बायका उठत होत्या, जात होत्या, काही रडवेल्या होऊन परत येत होत्या. मी माझे कागद क्रमाने आहेत ना ते पुन्हा बघत होते. दहावी, बारावी, पदवी, राजपत्र, आधार, मानधनाचं विवरण.

तिने एक नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने. मी मान वर केली आणि सगळ्यांसारखी मागे वळून बघितलं, कोण आहे ही, एवढ्या महत्त्वाच्या दिवशी झोपली की काय. तिसऱ्यांदा तिने वडिलांच्या नावापाशी जरा जोर दिला. तेव्हा ते बाबांचं नाव आहे हे मला कळलं. माझं नंतर कळलं.

मी उठले. फाइलीतले दोन कागद खाली पडले, ते उचलले. टेबलावरचे साहेब समजुतीने म्हणाले, घाबरू नका, आरामात दाखवा. त्यांनी गुणपत्रिका बघितल्या, लॉकरमधली प्रत त्यांच्या संगणकावर पडताळून घेतली, राजपत्र वाचलं, ते उलटं का आहे म्हणून एकदा माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही. अनुभवाच्या पत्राला करविवरण जोडलेलं बघून बरं केलं म्हणाले. सगळ्या कागदांवर बरोबरच्या खुणा झाल्या. मी सही केली, लग्नानंतर पहिल्यांदा त्या नावाची, आणि ती शाळेतल्या मुलीसारखी गोल गोल आली. नोकरी मिळणार हे तिथेच कळलं.

बाहेर पडले तेव्हा फाटकापाशी गर्दी होती, जीप उभ्या, लोकांचा गलबला, कुठेतरी स्पीकर लागलेला. नवरा दिसत नव्हता. तो रस्त्याच्या पलीकडून, चहाच्या टपरीवरून, मला हाक मारत होता, नेहमीच्या नावाने, तांदळात लिहिलेल्या. एवढ्या गोंगाटात त्याची एकच हाक माझ्यापर्यंत आली असेल. मी लगेच वळले.